गुण पाण्याला नव्हते, नोंदीला होते

यंदाच्या पहिल्या सत्रात आमच्या जुन्या शाळेतून पालकांच्या फोनवर एका ओळीचा निरोप आला : पाणी प्रकल्पाची फाईल शुक्रवारपर्यंत जमा करावी, मुखपृष्ठ रंगीत असावे. माझ्या एका विद्यार्थिनीची भाची आता तिथे आठवीत आहे. त्या विद्यार्थिनीने मला विचारले, "बाई, यात नक्की करायचं काय? आमच्या वेळी तुम्ही घरी चिठ्ठी पाठवायचात." तो प्रश्न मनाला लागला. एके काळी तीच चिठ्ठी दोन पाठपोट पानांची असायची. त्या चिठ्ठीचे काय झाले, ते आज लिहिते.

इचलकरंजीत मी विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा प्रकल्प नव्हतेच. प्रयोगवही होती आणि ती फळ्यावरून उतरवली जाई. 2003 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचे केले, आणि त्यानंतरची काही वर्षे दुकानात मिळणाऱ्या तक्त्यांची गेली. जलचक्राचा निळा तक्ता मी इतक्यांदा तपासला की त्या वर्षांबद्दल आणखी काही लिहिण्याजोगे नाही.

बदल झाला 2010 च्या ऑगस्टमध्ये. शिक्षण हक्क कायद्यापाठोपाठ सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासननिर्णय आला. सातवी-आठवीला प्रत्येक सत्रात 100 पैकी 40 गुण आकारिक मूल्यमापनाचे झाले आणि प्रकल्प हे त्यातले एक साधन ठरले. पुष्कळ शिक्षकांनी या पद्धतीला कागदी ओझे म्हटले, आणि नोंदींचा पसारा पाहता ते खोटे नव्हते. पण त्याच ओझ्याने मला पहिल्यांदा मोकळीक दिली. कशाला गुण द्यायचे, हे मी ठरवू शकत होते.

मग 2012 चा उन्हाळा आला. गावात काविळीची साथ पसरली, माणसे दगावली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आठवीच्या वर्गातली काही मुले आजारातून उठून आली होती आणि काहींच्या घरात माणूस गेले होते. नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, हे सगळ्यांच्या तोंडी होते. ते कसे मिसळते, हे मात्र कुणी मुलांना सांगत नव्हते. त्या सत्रापासून आमचा प्रकल्प नदीकाठावरून उठून गल्लीतल्या नळावर आला. पंचगंगेचे फेसाळलेले पाणी प्रदूषित आहे, हे सांगायला आठवीतल्या मुलाची गरज नव्हती. स्वच्छ दिसणाऱ्या नळाच्या पाण्याबद्दल ठरवणे अवघड होते, म्हणून शिकण्यासारखेही तेच होते.

चिठ्ठीत मी पालकांना दोनच चाचण्या समजावून द्यायचे. पहिली ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडीनची. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो तीच. नळीत पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे आणि उमटलेला पिवळा रंग डबीवरच्या रंगांशी जुळवून पाहायचा. नळापर्यंत आलेल्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेले असावे, असे भारतीय मानक सांगते. औषध विषारी असल्यामुळे थेंब मीच टाकायचे. रंग मुले वाचायची. आणि वाचायचा तो लगेच, पहिल्या दहा सेकंदांत. ही वेळ चिठ्ठीत मी अधोरेखित करत असे. मुक्त क्लोरीनचा रंग लगेच येतो. पाण्यात सांडपाण्याचा अमोनिया असेल तर क्लोरीन त्याच्याशी बांधला जातो. तसला क्लोरीन जंतू मारायला दुबळा असतो आणि त्याचा रंग सावकाश चढतो. पाच मिनिटांनी नळी पाहिलेले मूल "भरपूर क्लोरीन" असे लिहिते, आणि खरे तर त्या उशिराच्या पिवळेपणातच संशयाची जागा असते. म्हणून प्रत्येक नोंदीत दोन रकाने होते : लगेच आणि पाच मिनिटांनी.

दुसरी चाचणी हायड्रोजन सल्फाइडच्या बाटलीची. बाटलीत औषधात भिजवून वाळवलेली कागदपट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरून झाकण लावायचे आणि एक ते दोन दिवस उबेत ठेवायची. विष्ठेतून येणारे बरेच जंतू हा वायू तयार करतात, त्याचा पट्टीतल्या लोहाशी संयोग होतो आणि पाणी काळे पडते. पावसाळ्यात खोलीचे तापमान पंचविसाच्या खाली गेले की बाटली रेंगाळते. म्हणून तापमान लिहिल्याशिवाय "काळी पडली नाही" ही नोंद मी धरत नसे. या चाचणीची मर्यादाही चिठ्ठीत स्पष्ट असे. गंधकयुक्त बोअरच्या पाण्याने ती विनाकारण काळी पडू शकते, आणि काविळीचा विषाणू तिला दिसत नाही. बाटली काळी पडली नाही म्हणून पाणी उकळणे बंद करू नका, ही ओळ मी दर वर्षी ठळक अक्षरात लिहिली. काळी बाटली घेऊन कुणाच्या दारात भांडायला जाऊ नका, नमुना प्रयोगशाळेत द्या, ही त्याखालची ओळ. वापरलेल्या बाटल्या ब्लीचिंगच्या द्रावणात बुडवून मीच टाकून देत असे.

आता त्या काळातल्या एका गटाचे काम सांगते, कारण गुण कसे दिले ते त्यावरूनच कळेल. चार मुलांची गल्ली जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला होती आणि पाणी काही दिवसांआड यायचे. त्यांनी एकाच नळाचे पाणी तीन वेळा घेतले : पाणी सुटताच, पाव तासाने, आणि साठवलेले दुसऱ्या दिवशी सकाळी. पहिल्या पाण्यात लगेच रंग आला नाही, पाच मिनिटांनी फिकट पिवळा आला आणि बाटली दुसऱ्या दिवशी काळी झाली. पाव तासानंतरच्या पाण्यात 0.2 चा रंग तत्काळ उमटला, बाटली दोन दिवसांनीही स्वच्छ राहिली. साठवलेल्या पाण्यात क्लोरीन कुठेच नव्हता, तो उडून जातोच. पण ज्या घरी पाणी ओगराळ्याने काढत, तिथली बाटली स्वच्छ होती आणि जिथे पेला हातासकट बुडवत, तिथली काळी. सोबत उकळून झाकून गार केलेल्या पाण्याची एक बाटली पडताळणीसाठी ठेवली होती, ती स्वच्छ राहिली.

यातून मुले जे शिकली ते पाठ्यपुस्तकात नव्हते. पाणी बंद असते तेव्हा वाहिनीतला दाब जातो आणि शेजारच्या गटाराचे पाणी फुटक्या सांध्यातून आत ओढले जाते. जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी कितीही शुद्ध निघाले तरी ते टोकाच्या नळाला पहिल्या धारेत मैले होऊन येऊ शकते. गटाने निष्कर्ष दोन वाक्यांत लिहिला : आमच्या नळाचे सुरुवातीचे पाणी पिण्यासाठी भरू नये. हे आम्ही एकाच नळावर, दोन पाळ्यांना पाहिले आहे. ते दुसरे वाक्य मला फार मोलाचे वाटले.

प्रकल्पाला 10 गुण होते. जागच्या जागी केलेल्या नोंदींना 4 : नळ कोणाचा, वेळ कोणती, पाणी सुटून किती मिनिटे झाली, पाऊस होता का. पडताळणीला 2 : जोडीची दुसरी बाटली आणि उकळलेल्या पाण्याची बाटली. निष्कर्षाला 2, तो नोंदीपेक्षा एक पाऊलही पुढे गेलेला नसेल तर. तोंडी प्रश्नांना 2. सजावटीला शून्य, आणि पाणी चांगले निघाले की वाईट यालाही शून्य.

या शेवटच्या शून्यावरून मी सर्वांत जास्त भांडले. एका वर्षी एका गटाची उकळलेल्या पाण्याची बाटलीच काळी पडली. त्यांनी पाणी गार करताना हात बुडवला होता. त्यांनी तसे लिहिले, सगळा संच बाद ठरवला आणि दुसऱ्या पाळीच्या पाण्यावर पुन्हा काम केले. मी त्यांना पडताळणीचे पूर्ण गुण दिले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाची वही देखणी होती : पाच घरे, पाचही ठिकाणी तोच आकडा, सगळ्या नोंदी एकाच शाईत, एका बैठकीत लिहिलेल्या. टोकाचे घर आणि टाकीजवळचे घर यांत काहीच फरक नाही, हे होत नाही. तोंडी विचारले तर पाणी किती वाजता सुटते हे त्यांतल्या कुणालाच सांगता आले नाही. त्यांना 3 मिळाले. एक वजनदार पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन बसले. "नापास प्रयोगाला जास्त आणि माझ्या मुलाला कमी, हा कुठला न्याय?" मुख्याध्यापकांनी मला गुण वाढवायला सांगितले. मी वाढवले नाहीत. पुढच्या वर्षी माझ्याकडून आठवीचा एक वर्ग काढून घेतला. आजही माझे म्हणणे तेच आहे : तो प्रयोग नापास झालाच नव्हता. उलट पडताळणीची बाटली नसती तर त्या मुलांनी पाच घरांना दूषित ठरवले असते.

2019 च्या महापुरानंतर मुलांनी स्वतः होऊन हे काम केले. पुराचे पाणी ओसरलेल्या घरांत, मला न सांगता, त्यांनी नमुन्यांच्या वेळा टिपून ठेवल्या होत्या. माझ्या नोकरीतले ते शेवटचे चांगले सत्र. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि प्रकल्प फोनवरच्या छायाचित्रात शिरला. छायाचित्रात पिवळा रंग दिसतो, तो दहा सेकंदांनी आला की पाच मिनिटांनी, ते दिसत नाही. 2023-24 पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. परीक्षेला माझा विरोध नाही. पण नमुना घ्यायला पाणी सुटायच्या वेळी गल्लीत उभे राहावे लागते, आणि तो वेळ आता सराव प्रश्नपत्रिकांना जातो. चिठ्ठीही त्याच सुमारास बंद झाली. शिक्षकाने मूल्यमापनाचे निकष पालकांना लिहून देण्याचे थांबवले की गुण कशाचे, हे विचारायला कुणाला जागाच उरत नाही, आणि मग रंगीत मुखपृष्ठ हाच निकष होतो.

आठवीच्या पालकांना माझी विनंती आहे. शुक्रवारी फाईलवर सही करण्याआधी मुलाला तीन गोष्टी विचारा : पाणी सुटल्यावर किती मिनिटांनी नमुना घेतलास, रंग कधी वाचलास, आणि उकळलेल्या पाण्याची बाटली कुठे आहे. उत्तरे नसतील तर सही करू नका. शाळेकडे आणखी एक आठवडा मागा, आणि पुढच्या पाळीला नळापाशी मुलासोबत उभे राहा.