शेवटचे आठशे मीटर

(लेखमाला : जाहिरातीची ओळ, भाग ७)

मागच्या भागात दुकानाच्या पाटीवरची ओळ पाहिली. या वेळी प्लॉटिंगच्या होर्डिंगवरची ओळ घेऊ, कारण ती वाचून माणूस आयुष्यभराची पुंजी काढतो. बहुतेकदा तो चाकण-महाळुंगेच्या कंपनीत कामाला असतो, मूळचा लातूर-बीडकडचा किंवा खानदेशातला. कर्ज, गावाकडची थोडी विकलेली जमीन आणि बायकोचं सोनं मिळून त्याचे पैसे उभे राहतात. त्याला अंतर खरं सांगणं हे या ओळीचं पहिलं काम आहे.

एका प्लॉटिंगवाल्या गृहस्थांनी माझ्याकडे काम दिलं होतं. जागा इंद्रायणीपलीकडे, येलवाडीच्याही पुढच्या शिवारात. त्यांनी आणलेला मजकूर असा होता : ‘पुण्यापासून फक्त ३० मिनिटांवर, देहू तीर्थक्षेत्रालगत, प्रस्तावित रिंगरोड टच’. एकाच ओळीत तीन दावे होते. मी एकेक सोडवायला घेतला.

पहिला प्रश्न, पुणे म्हणजे कुठलं पुणे? मैलाच्या दगडावरचं अंतर धरायचं तर ते जीपीओपासून मोजतात आणि तिथून देहू साधारण ३० किलोमीटर आहे. हे ३० मिनिटांत कापायचं तर ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने, एकाही सिग्नलला न थांबता जावं लागेल. देहू ते पिंपरी आणि पिंपरी ते पुणे या रस्त्यावर ते दिवसा कुणाला जमलेलं मी पाहिलेलं नाही. तीस मिनिटं कुठून आली, असं विचारलं तर उत्तर मिळालं, ‘रात्री अकराला माझी गाडी गेली होती.’ मिनिटं ही गाडीची, वेळेची आणि चालवणाऱ्याची असतात. किलोमीटर जमिनीचे असतात. म्हणून ओळीत किलोमीटरच यावेत. मिनिटं द्यायचीच असतील तर कुठून, कुठे आणि किती वाजता हे तिन्ही सांगून द्यावीत. पहिली पाळी सुटते त्या वेळी चाकणच्या तळेगाव चौकातून जाऊन पाहिलं की हे वेगळं समजावावं लागत नाही.

दुसरा दावा ‘देहूलगत’. ‘लगत’, ‘नजीक’, ‘हाकेच्या अंतरावर’ हे शब्द जाहिरातीत फार चालतात, कारण ते मोजता येत नाहीत. त्यात देहू या नावाचाच घोळ आहे. बाहेरच्या माणसाला देहू आणि देहूरोड एकच वाटतात. रेल्वे स्टेशन देहूरोडला आहे, लष्कराची छावणी तिथेच आहे. तुकोबांचं देहू तिथून पाच-सहा किलोमीटर आत, इंद्रायणीकाठी. त्यामुळे ‘देहू स्टेशनजवळ’ असं कुणी लिहिलं तर त्यात गावाचा पत्ताच लागत नाही. शिवाय नदी मध्ये आहे. पलीकडचं येलवाडी खेड तालुक्यात, देहू हवेलीत. सातबारा कुठल्या तलाठ्याकडे, दस्त कुठे, हे सगळं बदलतं. आणि नकाशावर पट्टी ठेवून काढलेलं अंतर नदीवर टिकत नाही. पूल जिथे असेल तिथूनच जावं लागतं.

देहूच्या माणसाला अंतर शिकवायची गरज नाही, ते त्याच्या पायांना ठाऊक असतं. तुकोबांची पालखी निघते तेव्हा पहिला मुक्काम देहूतल्याच इनामदार वाड्यात पडतो आणि दुसऱ्या दिवशी ती आकुर्डीला पोचते. देहू ते आकुर्डी म्हणजे एक दिवसाची वाट, हे माप या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. अशा वाचकापुढे ‘लगत’ म्हणण्यात काही अर्थ नाही.

मग आम्ही मोजलं. दुचाकीवर, किलोमीटरचा काटा बघत, देहूच्या मुख्य देवळाच्या दरवाज्यापासून प्लॉटच्या गेटपर्यंत. साडेचार किलोमीटर भरलं. त्यातलं जवळजवळ पावणेचार डांबरी आणि शेवटचे आठशे मीटर मुरमाचे. त्या मुरमावर मी गाडी थांबवली. एका बाजूला उसाचा फड, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब, पण तारा अजून ओढायच्या होत्या. पावसाळ्यात इथे स्कूलव्हॅन येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘आज नाही येणार.’ हे उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. प्लॉट घेणाऱ्याला कळायला हवं ते हेच.

तिसरा दावा वाढीचा. इथे खोटं बहुधा क्रियापदात लपतं. ‘रिंगरोड’ म्हटलं की एकच रस्ता डोळ्यांपुढे येतो; पण एमएसआरडीसीचा बाहेरचा आणि पीएमआरडीएचा आतला, असे दोन वेगळे प्रकल्प आहेत आणि होर्डिंगवर कुठला ते लिहिलेलं नसतं. चर्चेत असलेला, आखणी झालेला, भूसंपादन चाललेला, काम सुरू झालेला आणि वाहनं धावू लागलेला, या पाच वेगवेगळ्या अवस्था आहेत. ‘प्रस्तावित’ हा एक शब्द पहिल्या चारही झाकतो. मेट्रोचंच घ्या. पिंपरी ते स्वारगेट ही मार्गिका 2024 च्या सप्टेंबरात पूर्ण सुरू झाली. पिंपरीपासून निगडीपर्यंतच्या वाढीव टप्प्याला 2023 च्या ऑक्टोबरात मंजुरी मिळाली. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून देहू आणखी नऊ-दहा किलोमीटर, येलवाडीचं शिवार त्याहून पुढे. तेव्हा इथल्या प्लॉटवर ‘मेट्रोजवळ’ लिहिणं चुकीचंच. माझा नियम असा की होर्डिंगच्या ओळीत फक्त आज चालू असलेलं यावं. मंजूर झालेलं माहितीपत्रकात, मंजुरीच्या तारखेसह द्यावं. चर्चेतलं कुठेच देऊ नये.

यात कायद्याचाही धाक आहे. रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्याचं नुकसान झालं तर विकासकाला भरपाई द्यावी लागते. ग्राहकाला बाहेर पडायचं असेल तर पूर्ण रक्कम व्याजासह परत करावी लागते. महारेराने 1 ऑगस्ट 2023 पासून नोंदणीकृत प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापणं बंधनकारक केलं. तो मोबाइलवर स्कॅन केला की प्रकल्पाची नोंद उघडते. म्हणजे ओळ आणि नोंद शेजारी ठेवून पाहणं आता सामान्य माणसाला जमतं.

मी लिहिलेली ओळ अशी होती : ‘देहूचं देऊळ साडेचार किलोमीटर. रस्ता आजचा, भावही आजचा.’ खाली लहान अक्षरात : ‘शेवटचे ८०० मीटर मुरमाचे.’ लांब आहे म्हणून स्वस्त आहे, हे त्यातून न सांगता कळतं, आणि उद्याचं आश्वासन कुठेच नाही. पण ‘भावही आजचा’ हा शब्दही दावाच आहे. तो खरा ठरवायचा तर त्या गटांतले अलीकडचे दस्त आणि वार्षिक मूल्यदर तक्ता काढून त्यांच्याशी प्लॉटचा दर ताडावा लागतो. आम्ही ताडला. दर दस्तांपेक्षा बराच वर होता. रिंगरोड येणार हे गृहीत धरून त्याची किंमत त्यात आधीच मिळवली होती, म्हणजे खरेदीदार आज न आलेल्या रस्त्याचे पैसे देणार होता.

गृहस्थांपुढे दोन वाटा होत्या, दर उतरवणं किंवा ओळीतला तो अर्धा भाग काढणं. त्यांनी अर्धा भाग काढला. छापून गेलं ते असं : ‘देहूचं देऊळ साडेचार किलोमीटर. शेवटचे ८०० मीटर मुरमाचे.’ मी मागितलेलं सगळं त्यात नव्हतं, पण जे होतं ते खरं होतं. जागा पाहायला येणारे आता मुरमावर उतरतात ते आधीच ठाऊक असल्यासारखे, आणि पहिला प्रश्न दराचाच विचारतात.

(पुढच्या भागात : बँकेच्या कर्जाची ओळ आणि तिच्याखालची बारीक अक्षरं)