मोबाइलचा मसलक कोणता?

गेल्या वर्षी आमच्या नववीतल्या एका मुलाने घरी मुळ्यांचं सार वाढलेलं ताट बाजूला सारलं. "शिंपल्यातलं मुसलमानाला जायज नाही, मोबाइलवर दिलंय," असं तो म्हणाला. ज्या आजीने जन्मभर खाडीतले मुळे आणून पोरांना खाऊ घातले, ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला आणि हळूच विचारलं, "आजी इतकी वर्षं हराम खात होती का?"

आजी चुकली नव्हती. मोबाइलवरचं उत्तरही बनावट नव्हतं, फक्त ते दुसऱ्या मसलकाचं होतं. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. शाफई मताप्रमाणे केवळ पाण्यातच जगणारे जवळपास सगळे जीव हलाल. हनफी मताप्रमाणे पाण्यातली फक्त मासळी हलाल, म्हणून मुळे-कालवं वर्ज्य. कोळंबीला मासळी म्हणायचं की नाही, यावर हनफी उलमांमध्येच दोन मतं आहेत. पाण्यात आणि जमिनीवरही वावरणाऱ्या कुर्लीबद्दल शाफई उलमांतही मतभेद आहेत.

मग एआयने हनफी मत 'इस्लामचं मत' म्हणून का द्यावं? एआय वाचलेल्या मजकुरातून शिकतो. हिंदुस्थानातले बहुसंख्य मुसलमान हनफी, त्यामुळे उर्दूतल्या फतव्यांचे बहुतेक संग्रहही हनफी. कोकणातल्या शाफई घरांचं ज्ञान आजीच्या तोंडी, मशिदीतल्या बयानात आणि मोजक्या पुस्तकांत राहिलं. जे लिहिलं गेलं नाही, ते यंत्रापर्यंत पोचणार कसं? त्यानंतर कंपनीने नेमलेली माणसं उत्तरांची तुलना करून चांगलं-वाईट ठरवतात, आणि त्यांच्या आवडीनिवडीही यंत्रात उतरतात.

2023 साली अँथ्रोपिक या एआय कंपनीच्या संशोधकांनी जगभरच्या जनमत पाहण्यांतले प्रश्न आपल्या यंत्रापुढे ठेवले. त्याची उत्तरं अमेरिका, तसंच युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांच्या लोकांशी जास्त जुळली. अमुक देशातला माणूस काय म्हणेल, असं विचारल्यावर उत्तरं त्या देशाकडे झुकली, पण त्यांत त्या लोकांबद्दलचे ठोकळेबाज समजही डोकावले. प्रश्नाची भाषा बदलली म्हणून उत्तरं त्या भाषिकांच्या मतांशी जुळतीलच, असंही दिसलं नाही. म्हणजे मराठीत विचारलं म्हणून रत्नागिरीचं उत्तर येईल, हा भरवसा नको.

यावर एक साधा उपाय नमाजाच्या वेळा दाखवणाऱ्या ॲपमध्ये आधीपासून आहे. वस्तूची दुपारची सावली वगळून उरलेली सावली वस्तूएवढी झाली की शाफई असर सुरू होते, दुप्पट झाली की हनफी. 21 मार्चच्या सुमारास रत्नागिरीत पहिली वेळ चारच्या जरा पुढे येते, दुसरी पाचच्या जरा पुढे. ॲप हा वाद सोडवत बसत नाही. ते मसलक विचारतं आणि त्याप्रमाणे वेळ दाखवतं. खाण्यापिण्याच्या, इबादतीच्या मसल्यांत एआयनेही हेच करावं: आधी विचारावं, नाहीतर दोन्ही मतं नावानिशी सांगावीत.

पण प्रत्येक प्रश्न असा सुटत नाही. एका दमात दिलेला तिहेरी तलाक घ्या. चारही मसलकांच्या प्रचलित मताप्रमाणे ते तीन तलाक, अहले हदीसच्या मते एकच. इथे नवऱ्याने आपल्या सोयीचा मसलक निवडला, तर परिणाम बायकोला भोगावा लागतो. 22 ऑगस्ट 2017 रोजी सुप्रीम कोर्टाने ही पद्धत रद्द केली, आणि 2019 च्या कायद्याने असा तलाक बेकायदा आणि गुन्हा ठरला. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नवऱ्याला फक्त "तुमच्या मसलकाप्रमाणे झाला" एवढंच सांगणारं यंत्र त्या बाईवर अन्याय करेल. त्याने उलमांचे मतभेद जरूर सांगावेत, पण कायद्यात असा तलाक होतच नाही, हे आधी सांगावं.

आम्हाला फरक दिसतो तो इथे. ज्या निवडीचा भार विचारणाऱ्यावरच पडतो, तिथे त्याच्या घराण्याची रीत चालावी. जिचा भार दुसऱ्यावर पडतो, तिथे त्या दुसऱ्याचा हक्कही उत्तरात यायला हवा. मधले प्रश्न कठीण आहेत. मुलीचं शिक्षण, सुनेची नोकरी यांत 'समाजाचं मत' नेमकं कोणी सांगायचं? समाजाच्या नावाने बोलणारे बहुधा घरातले वडीलधारे पुरुषच असतात.

त्या मुलाला आम्ही एक खूण सांगितली. उत्तरात नुसतं 'इस्लाममध्ये' असं असेल, कुठल्या इमामाचं, कुठल्या मसलकाचं ते दिलं नसेल, तर ते अर्धंच समजायचं. आपण शाफई आहोत हे प्रश्नातच लिहायचं आणि उत्तर मोहल्ल्यातल्या मौलानांना दाखवायचं. मग आम्ही त्याला म्हटलं, "आता घरी जा, आणि हे सगळं आधी आजीला सांग."