चाळीसचं सूत मराठीत कसं लिहावं?

‘काउंट कमी झाल्यास तो वाढवावा.’ सूतगिरणीच्या प्रशिक्षण पुस्तिकेत असं वाक्य छापलं, तर व्याकरणात काही चूक नाही. पण आयटीआयमधून नुकताच रिंग खात्यात आलेला मुलगा ते वाचून काय समजेल? काहीतरी कमी झालंय, म्हणजे सूत बारीक पडलं असणार, तेव्हा ते जाड करायला हवं. प्रत्यक्षात अर्थ नेमका उलटा आहे. काउंट कमी झाला म्हणजे सूत जाड झालं, आणि काउंट वाढवायचा म्हणजे ते बारीक करायचं. गिरणीची भाषा मराठीत आणताना सर्वांत आधी इथे थांबावं लागतं.

हा उलटा हिशेब इंग्लंडमधून आला. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये उभारायला घेतली. पुढच्या गिरण्यांची यंत्रंही बहुतेक लँकेशायरमधून आली आणि त्यांच्याबरोबर तिथली मापंही आली. सुती धाग्याच्या काउंटचं माप असं: ८४० यार्ड सुताचा एक हँक, आणि एक पौंड वजनात असे जितके हँक बसतात तितका त्या सुताचा काउंट. पौंडात वीस हँक बसले तर सूत वीसचं, चाळीस बसले तर चाळीसचं. वजन तेवढंच आणि लांबी दुप्पट, म्हणून चाळीसचं सूत विसाच्या सुतापेक्षा बारीक. काउंट जाडी मोजत नाही, ठरावीक वजनात किती लांबी मिळते ते मोजतो. पुस्तिकेत व्याख्येच्या आधी हे एक वाक्य आलं, तर पुढची निम्मी गफलत टळते.

‘हँक’ला मराठीत काय म्हणावं? खादीत ‘गुंडी’ हा सुंदर शब्द आहे आणि तो वापरायचा मोह होतो. पण खादीची गुंडी १००० मीटरची धरतात, आणि गिरणीचा हँक ८४० यार्डांचा, म्हणजे सुमारे ७६८ मीटरचा. ज्याच्या घरात चरखा आहे तो वाचक गुंडी शब्दाबरोबर हजार मीटरही डोक्यात आणेल. म्हणून इथे हँक हाच शब्द ठेवावा आणि गुंडीशी त्याचा फरक एका ओळीत सांगावा. शब्द आपला असला तरी त्याच्या पोटातलं माप वेगळं असेल, तर तो हिशेबात वापरू नये.

आता हा काउंट खात्यात कसा काढतात ते पाहू. रिंग फ्रेमवरून काही बॉबिनं काढून प्रयोगशाळेत आणतात आणि रॅप रीलवर लावतात. हे दीड यार्ड घेराचं फिरतं चाक. त्याचे ८० फेरे झाले की प्रत्येक बॉबिनचं १२० यार्ड सूत गुंडाळलं जातं. या लांबीला ‘ली’ म्हणतात, आणि सात ली मिळून एक हँक होतो. ली काढून तराजूत ग्रॅममध्ये वजन करायचं आणि ६४.८ ला त्या वजनाने भागायचं, की काउंट मिळतो. चाळीसच्या सुताची ली १.६२ ग्रॅम भरते, विसाची ३.२४ ग्रॅम.

समजा फ्रेमवर चाळीसचं सूत चालू आहे आणि लीचं वजन सरासरी १.७१ ग्रॅम आलं. भागाकार करून काउंट निघतो ३७.९. सूत हवं त्यापेक्षा जाड चाललंय. इथे पुस्तिकेने घाई करता कामा नये, कारण पुढचा प्रश्न असा की जाड कुठे चाललंय. एकाच बॉबिनची ली भारी भरली आणि बाकीच्या ठीक असतील, तर दोष त्या एका चातीवरचा आहे. कदाचित मागून दोन रोव्हिंग एकत्र जात असतील. तिथे गिअर बदलण्यात काही अर्थ नाही. सूत दमट असेल तरी वजन वाढतं आणि काउंट खोटाच खाली दिसतो, म्हणून नमुना प्रयोगशाळेच्या हवेत ठेवून मगच तोलायचा. सगळ्या बॉबिनांच्या ली सारख्याच जड निघाल्या, तरच दोष सगळ्या फ्रेमचा धरायचा.

दोष फ्रेमचा ठरला तर ड्राफ्ट, म्हणजे ओढ, वाढवावी लागते. रिंग फ्रेमवर मागचे रोलर रोव्हिंग आत घेतात आणि पुढचे त्यापेक्षा कितीतरी जास्त वेगाने ते ओढतात. दोन्ही वेगांतल्या फरकाने रोव्हिंग लांबतं आणि बारीक होतं. बहुतेक फ्रेमवर ही ओढ ड्राफ्ट चेंज पिनियन बदलून नेमतात. त्याचे दात कमी केले की मागचे रोलर हळू फिरतात, पुढचे पूर्वीच्याच वेगाने ओढत राहतात, आणि सूत बारीक होतं. आता पिनियन ३८ दातांचं असेल, तर ३८ ला ३७.९ ने गुणून ४० ने भागायचं. उत्तर येतं ३६. म्हणजे ३८ दातांचं पिनियन उतरवून ३६ चं चढवायचं.

या ठिकाणी मूळ इंग्रजीत एवढंच असतं की काउंट वाढवण्यासाठी पिनियन लहान करा. शब्दाला शब्द ठेवून हे मराठीत आणलं, तर वाढवायचं काय आणि लहान करायचं काय, हे उमेदवाराला पाठ करावं लागतं. ज्याला ‘वाढवा’ एवढंच आठवलं तो ३८ च्या जागी ४० दातांचं पिनियन बसवील, आणि सूत ३६ च्या आसपास जाईल, आधीच्याहून जाड. फ्रेमवर शेकडो चात्या असतात, आणि कोणी पुन्हा ली काढेपर्यंत त्या सगळ्यांवर चुकीचं सूत भरत राहतं. म्हणून मराठी वाक्य असं हवं: ‘सूत जाड चाललं आहे, म्हणजे काउंट कमी आला आहे. सूत बारीक करण्यासाठी, म्हणजे काउंट वाढवण्यासाठी, कमी दातांचं पिनियन बसवा.’ वाक्य मुळापेक्षा लांब झालं तरी चालेल. मूळ लिहिणाऱ्याने जे वाचकाला ठाऊक आहे असं धरलं, ते इथे उघड लिहावंच लागतं.

‘जाड’ आणि ‘बारीक’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो. इंग्रजीत याच जागी ‘हेवी’ आणि ‘लाइट’ असेही शब्द येतात, आणि त्यांचं ‘भारी’ आणि ‘हलकं’ करण्यात धोका आहे. मराठीत भारी साडी म्हणजे उंची, महागडी साडी, आणि हलकं कापड म्हणजे कमी प्रतीचं. चाळीसचं सूत विसाच्या सुतापेक्षा वजनाने हलकं, पण किमतीने भारी. वजनाविषयी बोलायचं तिथे ‘वजन जास्त भरलं’ असं सरळ लिहावं आणि सुताविषयी जाड-बारीक. पुस्तिकाभर हा नियम मोडायचा नाही.

उलट दिशेचा दुसरा सापळा टेक्स या मापाचा. टेक्स म्हणजे १००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन. इथे लांबी ठरलेली आणि वजन बदलतं, त्यामुळे आकडा मोठा तितकं सूत जाड. चाळीस काउंटचं सूत सुमारे १४.८ टेक्स असतं, तर चाळीस टेक्सचं सूत सुमारे १४.८ काउंटचं. आकडा तोच चाळीस, पण दुसरं सूत पहिल्याच्या जवळपास पावणेतीनपट वजनदार. म्हणून पुस्तिकेत कोणताही आकडा मापाशिवाय उघडा सोडू नये. यंत्राच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत Ne किंवा tex दिसतं. ती अक्षरं पुस्तिकेत जशीच्या तशी छापावीत, कारण कामगाराला वाचायची आहेत ती तीच. २/४० असं लिहिलेलं दिसलं, तर तो अपूर्णांक नव्हे. चाळीसच्या दोन धाग्यांना एकत्र पीळ देऊन केलेलं हे सूत, आणि त्याची जाडी साधारण विसाच्या एकेरी सुताएवढी भरते.

मागाकडे आलं की अडचण वेगळी होते. इथे मराठी शब्द भरपूर आहेत, पण ते गावोगावचे आहेत. मुंबईच्या गिरणगावात मागाला ‘साचा’ म्हणत आणि विणकराला साचेवाला. सोलापुरात, इचलकरंजीत माग किंवा यंत्रमाग. आजच्या मुलाला साचा म्हणजे वस्तू ओतायचा साचा वाटतो, त्यामुळे पुस्तिकेत ‘माग’ घ्यावा आणि साचा हा मुंबईचा जुना शब्द म्हणून एकदा सांगून ठेवावा, कारण जुना जॉबर तो बोलणारच. शटलसाठी धोटा, त्यात बसणाऱ्या भरलेल्या नळीसाठी कांडी, आडवा धागा ठोकणाऱ्या रीडसाठी फणी. हे शब्द कांडीवाला आणि वहिफणी कामगार रोज बोलतात. त्यांच्या जागी संस्कृत घडणीचे नवे शब्द आणले, तर पुस्तिका खात्यात कोणी उघडणार नाही.

फणीपाशी मात्र ‘काउंट’ पुन्हा भेटतो, वेगळ्या अर्थाने. स्टॉकपोर्ट पद्धतीत दोन इंचांत फणीची जितकी घरं बसतात तितका तिचा काउंट, आणि प्रत्येक घरातून दोन धागे ओवले तर तोच आकडा एका इंचातल्या उभ्या धाग्यांचा होतो. म्हणजे ६४ ची फणी आणि ६४ चं सूत यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. फणीसाठी ‘फणीचा नंबर’ आणि सुतासाठी ‘काउंट’ अशी वाटणी पुस्तिकेने एकदा केली, की शेवटपर्यंत पाळावी.

‘पिक’चंही असंच. एका इंचातले आडवे धागे म्हणजे पिक, आणि एका मिनिटात माग किती वेळा आडवा धागा टाकतो तेही पिक. पहिल्यावर कापडाची घट्टी ठरते आणि यंत्रमागावर मजुरीचा दरही, दुसऱ्यावर मागाचा वेग. पिक हा शब्द कामगाराच्या तोंडात पक्का बसलेला आहे, तो बदलायचं कारण नाही. फक्त ‘इंचाला पिक’ आणि ‘मिनिटाला पिक’ असं प्रत्येक वेळी पूर्ण लिहायचं.

मग सूतांक, तर्कू यांसारख्या शब्दांचं काय करायचं? त्यांना पुस्तिकेत जागा आहे, पण ती शेवटच्या शब्दसूचीत. पुढे पदविका घेणाऱ्याला परीक्षेत ‘सूतांक’ भेटेल, तेव्हा तो म्हणजेच आपला काउंट, हे त्याला कळायला हवं. चालत्या सूचनेत मात्र तोच शब्द हवा, जो फ्रेमपाशी उभा असलेला माणूस मोठ्याने उच्चारील.

आणि पान पुरं झालं की ते भाषेच्या जाणकाराआधी सूत जोडणाऱ्या सायडरकडे द्यावं. त्याला व्याख्या विचारायची नाही. १.७१ ग्रॅमची ली आणि ३८ दातांचं पिनियन त्याच्यापुढे मांडायचं आणि पान वाचून आता काय करशील ते विचारायचं. तो आधी म्हणाला की बाकीच्या बॉबिनांच्या ली बघतो, आणि मग म्हणाला की ३६ चं पिनियन चढवतो, तर ते पान छपाईला पाठवायला हरकत नाही.