जरीचा दुपट्टा घरी धुताना

लग्नसराई संपली की दुपट्टे आणि ओढण्या धुण्यासाठी दुकानात येऊ लागतात. शिफॉनला घामाचा वास असतो, कुठे बिर्याणीचा डाग असतो आणि काठाला जरी असते. कापड धुणे अवघड नाही. नुकसान होते ते बहुधा जरीचे, आणि ते का होते हे समजले तर बरेचसे टाळता येते.

जरी म्हणजे निव्वळ धातूची तार नव्हे. आत रेशमाचा किंवा सुताचा धागा असतो आणि त्याच्याभोवती धातूची चपटी, अतिशय पातळ पट्टी गुंडाळलेली असते. खऱ्या जरीत ती चांदीची असून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. नकली जरीत तांब्याच्या पट्टीवर चांदीचा पातळ थर असतो. तिसरा प्रकार प्लॅस्टिकच्या चमकदार पट्टीचा, आणि आज बाजारात तोच पुष्कळ दिसतो. पिळल्याने ही पट्टी उकलते, तिला भेगा पडतात आणि आतला धागा बाहेर दिसू लागतो. शिवाय आतला सुती धागा पाण्यात आखडतो, पण शिफॉन तेवढे आखडत नाही. मग काठ चुणतो, आणि इस्त्रीने तो पुरता सरळ होत नाही.

समजा, गिऱ्हाइकाने अडीच मीटरचा गुलाबी शिफॉन दुपट्टा आणला. त्याला चारही बाजूंनी जरीचा विणलेला काठ आहे. प्रथम काठाची लांबी-रुंदी मोजून पावतीवर लिहावी. मग उलट्या बाजूने, कोपऱ्यात, ओले पांढरे फडके दुपट्ट्यावर आणि काठावर दोन मिनिटे दाबून ठेवावे. फडक्याला गुलाबी किंवा पिवळा रंग लागला तर दुपट्टा पाण्यात घालू नये. पिवळा रंग जरीच्या आतल्या धाग्याचा असू शकतो. काठाचा एखादा सुटा धागा मिळाला तर तो उकलून जाळून पाहावा. प्लॅस्टिकची जरी आखडून तिचा गोळा होतो, धातूची पट्टी मात्र शिल्लक राहते.

रंग सुटत नसेल तर प्लॅस्टिकच्या टबात चार-पाच लिटर थंड पाणी घ्यावे आणि त्यात नाजूक कपड्यांसाठी मिळणारे सौम्य द्रव साबण एक चमचा मिसळावे. कपडे धुण्याची वडी, सोडा आणि ब्लीचिंग पावडर वापरू नये. बोअरच्या जड पाण्यात वडीच्या साबणाचा पांढरा थर जरीवर बसतो, आणि ब्लीचिंग पावडर धातू काळवंडवते. दुपट्टा सैल घडी करून पाण्यात सोडावा आणि तळव्यांनी हलकेच दाबावा. चोळू नये. दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त भिजवू नये. डागाची जागा आधी बोटाने त्याच साबणाच्या पाण्याने ओली करावी. मग तीन वेळा स्वच्छ पाण्यात बुडवून काढावा.

ओला दुपट्टा एका टोकाने धरून उचलू नये. पाण्याने तो जड झालेला असतो, आणि रेशमी शिफॉन ओले असताना कमजोर असते, त्यामुळे काठाजवळ फाटते. खाली जुनी चादर घालून सगळा एकदम उचलावा. नंतर टॉवेलवर पसरून टॉवेलसह गुंडाळावा आणि दाबून पाणी काढावे. सावलीत सपाट पसरून वाळवावा, दोरीवर टांगू नये. वाळत असताना काठ हाताने सरळ करावा. पूर्ण वाळल्यावर पुन्हा मोजावा. इस्त्री उलट्या बाजूने, वर मलमल ठेवून, अगदी कमी उष्णतेवर करावी. प्लॅस्टिकची जरी जास्त गरम इस्त्रीने लगेच चुरगळते.

काळवंडलेली जरी लिंबाने किंवा चिंचेने उजळण्याची चूक अनेकजण करतात. नकली जरीवरचा चांदीचा थर मुळातच पातळ असतो. आंबटाने घासला की तो निघतो आणि खालचे तांबे दिसू लागते. ते पुन्हा झाकता येत नाही. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे.

सलमा, दबका किंवा टिकल्यांचे भरगच्च जरदोजी काम, तसेच गोंदाने चिकटवलेले खडे असतील तर वरील पद्धत लागू होत नाही. सलमा दाबल्याने एकदा चेपला की पूर्ववत होत नाही. असे काम ड्रायक्लीनला देतानाही विचारून घ्यावे, कारण त्या द्रवात काही गोंद विरघळतात आणि काही टिकल्यांचा रंग जातो.

दुपट्टा परत देताना धुतलेल्या मलमलीत गुंडाळून द्यावा, वर्तमानपत्रात नको. अत्तर थेट जरीवर लावू नये, आणि वर्षातून दोनदा घडी बदलावी, हेही सांगावे. एकाच घडीवर जरी वर्षानुवर्षे मोडून राहिली तर ती तिथेच तुटते.