रात्रीची त्रिफळा : सुरू केली तशी थांबवायची केव्हा?

पोट साफ होत नाही म्हटले की शेजारपाजारचे पहिले नाव सुचवतात ते त्रिफळा चूर्णाचे. हिरडा, बेहडा आणि आवळा ही तिन्ही फळे औषध म्हणून भिक्खूंना वापरता येतात, अशी नोंद विनयपिटकातील महावग्गातही आहे. इतके जुने आणि घरोघरी ओळखीचे औषध असल्यामुळे आपण ते सुरू करताना फारसा विचार करत नाही आणि थांबवण्याचा विचार तर करतच नाही. या अंकात आम्ही त्या थांबवण्याविषयीच बोलणार आहोत.

आधी डब्यावरची घटकांची यादी वाचा. त्रिफळेत तीन फळांच्या बिया काढलेल्या सालीचे चूर्ण सम प्रमाणात असते. यादीत सोनामुखी दिसली तर ते पोट साफ करणारे वेगळे आणि जास्त तीव्र चूर्ण आहे. दमट होऊन गोळे झालेले किंवा बुरशीचा वास येणारे चूर्ण फेकून द्यावे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, ५२ वर्षांच्या एका ताईंना रक्त कमी असल्यामुळे डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. महिनाभरापासून त्यांना शौचास खडा होतो, कुंथावे लागते. ताई रात्री आठला जेवतात. त्यांनी साडेनऊ-दहाच्या सुमारास अर्धा सपाट चमचा चूर्ण कपभर कोमट पाण्यातून घ्यावे. तीन-चार दिवसांत फरक पडला नाही तर एक चमचा करावा. पातळ शौचास झाले किंवा पोटात मुरडा आला तर पुन्हा अर्ध्यावर यावे. सकाळी एकदा मऊ, न कुंथता शौचास झाले की प्रमाण योग्य आहे असे समजावे. दोन-तीनदा पाण्यासारखे होणे म्हणजे ‘पोट धुऊन निघाले’ असे नव्हे, तर मात्रा जास्त झाली. लोहाची गोळी मात्र चूर्णासोबत घेऊ नये. त्रिफळेतील तुरट द्रव्य लोहाला धरून ठेवते आणि गोळी अंगी लागत नाही. त्यामुळे गोळी सकाळी किंवा दुपारी घ्यावी.

दोन आठवड्यांत काहीच गुण आला नाही तर मात्रा वाढवत न बसता डॉक्टरांना दाखवावे. गुण आला तर आणखी दोन आठवडे घ्यावे, मग आठवडाभर एक दिवसाआड घेऊन बंद करावे. स्वतःच्या मनाने घ्यायचे तर एवढीच मुदत पुरे. त्यापुढे वैद्यांच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने.

चूर्ण बंद केल्यावरचे आठ दिवस महत्त्वाचे असतात. पोट नीट राहिले तर काम झाले. त्रास परत आला तर त्याचे कारण अजून जागेवरच आहे. ताईंच्या बाबतीत ते बहुधा लोहाची गोळीच असेल. ती आपणहून न सोडता डॉक्टरांना सांगितले तर ते गोळीचा प्रकार किंवा मात्रा बदलू शकतात. इतरांच्या बाबतीत थायरॉइड, मधुमेह, रक्तदाबाची एखादी गोळी, क्वचित आतड्यातील गाठही असू शकते. वर्षानुवर्षे चूर्ण घेत राहिले की हे कारण झाकलेले राहते. म्हणून शौचावाटे रक्त जाणे, वजन घटणे किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणे, यांपैकी काही असेल तर चूर्णाआधी तपासणी करावी. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वारा सरत नसेल तर कोणतेही चूर्ण न घेता थेट दवाखाना गाठावा.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, जुलाब होत असलेल्यांनी आणि फार अशक्त माणसांनी त्रिफळा घेऊ नये. लहान मुलांना ती घरच्या घरी देऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. मधुमेहाच्या औषधांवर असणाऱ्यांनीही आधी विचारावे, कारण साखर जास्त खाली जाऊ शकते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर चूर्ण घेत असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगावे.

विदर्भातील आमच्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर त्याला स्वतःच्या मनाने त्रिफळा देऊ नका. जुलाब होऊन अंगातले पाणी कमी झाले की सिकलसेलच्या तीव्र वेदना सुरू होऊ शकतात. ज्या मात्रेने इतरांचे पोट फक्त हलके होते, तीच त्याला दवाखान्यात भरती व्हायला लावू शकते.