विश्लेषण : छोटे संदेश पोहोचतात, मोठे अडकतात… क्लस्टरमध्ये पॉडचे जाळे कसे चालते?

कुबरनेटीस क्लस्टरमधील निम्मे नोड एका डेटा सेंटरमध्ये आणि निम्मे दुसऱ्यात, मध्ये व्हीपीएन, अशी रचना समजा. इकडच्या पॉडमधून तिकडच्या पॉडला पिंग जाते, जोडणीही होते; पण मोठे उत्तर मागवले की ते येतच नाही. एकाच सेंटरमधील पॉडमध्ये मात्र सारे सुरळीत. असे का होते?

पॉडला पत्ता कोण देते?

कुबरनेटीस स्वतः जाळे विणत नाही. प्रत्येक पॉडला स्वतंत्र आयपी पत्ता हवा आणि पत्ता न बदलता एका पॉडला दुसऱ्याशी बोलता यावे, एवढीच त्याची अट असते. ती पाळण्याचे काम सीएनआय प्लगइनचे. नवा पॉड सुरू होताना कंटेनर रनटाइम या प्लगइनला हाक मारते. बऱ्याच प्लगइनमध्ये एक आभासी तार तयार होते, तिचे एक टोक पॉडमध्ये व दुसरे नोडवर राहते. मग नोडच्या वाट्याला आलेल्या, उदाहरणार्थ 10.244.1.0/24, या गटातून पॉडला पत्ता मिळतो. नोडच्या आतले काम इथे संपते. खरा प्रश्न दुसऱ्या नोडपर्यंत पोहोचण्याचा. कारण मधल्या राऊटरना पॉडचे पत्ते ठाऊकच नसतात.

ओव्हरले म्हणजे काय?

पाकिटात पाकीट. पॉडचे पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये भरायचे आणि बाहेरच्या पाकिटावर नोडचा पत्ता लिहायचा. समोरचा नोड ते फोडून आतले पॅकेट पॉडला देतो. फ्लॅनेलसारखे प्लगइन यासाठी व्हीएक्सलॅन वापरते. खालच्या जाळ्यात काही बदलावे लागत नाही, हा मोठा फायदा. पण बाहेरच्या पाकिटाला ५० बाइट जागा लागते : आयपीचे २०, यूडीपीचे ८, व्हीएक्सलॅनचे ८ आणि आतल्या इथरनेटचे १४. म्हणून जाळ्याची मर्यादा, म्हणजे एमटीयू, १५०० असेल तर पॉडची १४५० ठेवतात.

मग घोळ कुठे झाला?

नोडच्या कार्डावर १५०० दिसते, म्हणून प्लगइनने पॉडला १४५० दिले. पण मधला व्हीपीएन १४२० बाइटच वाहून नेतो. पॉडचे पूर्ण भरलेले पॅकेट पाकिटासह १५०० होते. ते व्हीपीएनच्या दारात टाकले जाते किंवा त्याचे तुकडे होतात आणि पुढची फायरवॉल ते अडवते. पिंग लहान असल्याने निभावते. गंमत म्हणजे नोड-ते-नोड टीसीपी संवादही नीट चालतो, कारण अनेक व्हीपीएन गेटवे जोडणी होतानाच टीसीपीच्या तुकड्यांचा आकार कमी करून देतात. पॉडचा टीसीपी मात्र यूडीपीच्या पाकिटात दडलेला असतो. गेटवेला तो दिसत नाही. त्यामुळे नोड तपासणाऱ्याला जाळे निर्दोष वाटते.

हे ओळखायचे कसे?

पॉडमधून, तुकडे करण्यास मनाई करून, दोन आकारांचे पिंग पाठवावे :

```
ping -M do -s 1422 10.244.2.7
ping -M do -s 1342 10.244.2.7
```

पिंगच्या आकारात २८ बाइटची शीर्षके मिळवली की पॅकेट अनुक्रमे १४५० आणि १३७० बाइटचे होते. पहिले गडप झाले आणि दुसऱ्याला उत्तर आले, तर संशय पक्का. उपाय साधा : १४२० मधून ५० वजा करून प्लगइनच्या मांडणीत पॉडचा एमटीयू १३७० लिहायचा. जुने पॉड सहसा नव्याने सुरू करावे लागतात. चालू पॉडच्या तारेवर जुनाच आकडा राहतो.

राऊटेड रचनेत हे टळते का?

बऱ्याच अंशी. इथे पाकीट नसते. कोणत्या नोडमागे कोणता पत्त्यांचा गट आहे, हे जाळ्यालाच सांगितले जाते; कॅलिको त्यासाठी बीजीपी वापरू शकते. नोडवर अशी नोंद दिसते :

```
10.244.2.0/24 via 192.168.1.12 dev eth0
```

पॉडचा टीसीपी उघडाच जात असल्याने गेटवे त्याचाही आकार कमी करू शकतो. पण त्यासाठी गेटवेसह मधल्या प्रत्येक राऊटरला पॉडचे मार्ग कळले पाहिजेत. राऊटर दुसऱ्याच्या ताब्यात असतील, तर ते जमेलच असे नाही. अनेक क्लाऊडही अनोळखी पत्त्याची पॅकेट टाकून देतात. तिथे त्या क्लाऊडचे खास प्लगइन किंवा ओव्हरले, हेच पर्याय उरतात.

ईबीपीएफने काय बदलते?

ईबीपीएफमुळे लिनक्स कर्नलमध्ये, आधी तपासून घेतलेले छोटे प्रोग्राम चालवता येतात. सिलियम हे प्लगइन असे प्रोग्राम पॉडच्या तारेवर बसवते. एरवी सेवेच्या पत्त्यामागचा खरा पॉड शोधायला कुबे-प्रॉक्सी आयपीटेबल्सची लांबलचक नियमयादी बनवते, ती ओळीने तपासली जाते. सेवा हजारोंनी वाढल्या की ते जड जाते. ईबीपीएफ तेच उत्तर तक्त्यातून थेट उचलते. कोणाला आत सोडायचे, हेही तिथेच ठरते.

मात्र ईबीपीएफ हा ओव्हरले आणि राऊटेडला तिसरा पर्याय नव्हे. सिलियम दोन्ही पद्धतींनी चालते आणि मूळ मांडणीत व्हीएक्सलॅनच वापरते. म्हणजे ते ५० बाइट कायम. आपल्या नोडवर पॅकेट का टाकले, हे सिलियम दाखवते. व्हीपीएनच्या दारात हरवलेले पॅकेट त्यालाही दिसत नाही. तिथे पिंगच्या वरच्या दोन ओळीच कामी येतात.