कमी जागेच्या फोनवर व्हिडिओ संपादन

फोनवर व्हिडिओ संपादित करताना जागा चार गोष्टी खातात. पहिली म्हणजे चित्रित केलेल्या मूळ क्लिप. दुसरी म्हणजे संपादनाच्या अ‍ॅपने स्वतःच्या सोयीसाठी तयार केलेल्या तात्पुरत्या फायली, म्हणजेच कॅशे. तिसरी गोष्ट प्रोजेक्ट किंवा ड्राफ्ट आणि चौथी म्हणजे शेवटी तयार होणारा व्हिडिओ. कॅशे पुसली तर अ‍ॅप ती पुन्हा तयार करते, आणि व्हिडिओ हरवला तरी ड्राफ्टमधून तो पुन्हा काढता येतो. मूळ क्लिप मात्र एकदा गेली की परत येत नाही आणि ड्राफ्ट गेला तर सगळी मेहनत पुन्हा करावी लागते. फोनमध्ये जागा मोकळी करण्याचे सगळे नियम या फरकातून निघतात.

मूळ क्लिप किती जागा घेतात, हे चित्रणाच्या सेटिंगवर ठरते. १०८०पी दर्जाचे, सेकंदाला ३० फ्रेमचे, एच.२६४ पद्धतीने साठवलेले चित्रण मिनिटाला साधारण १३० एमबी जागा घेते. एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ पद्धतीत तेच चित्रण सुमारे निम्म्या जागेत बसते. फोरके दर्जा निवडला की आकडा दोन-तीन पटींनी वाढतो. तयार व्हिडिओचा आकार आधीच काढता येतो. एक्स्पोर्ट करताना अ‍ॅप बिटरेट दाखवते. त्या आकड्याला व्हिडिओच्या सेकंदांनी गुणायचे आणि ८ने भागायचे. १२ एमबीपीएस बिटरेटचा आठ मिनिटांचा, म्हणजे ४८० सेकंदांचा व्हिडिओ ७२० एमबीचा होतो.

एक उदाहरण घेऊ. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे चित्रण एका अँड्रॉइड फोनवर झाले आहे. ४० क्लिप, एकूण ५० मिनिटे, म्हणजे सुमारे ६.५ जीबी. फोनमध्ये आता २ जीबी जागा उरली आहे आणि आठ मिनिटांचा व्हिडिओ तयार करायचा आहे. ७२० एमबीच्या व्हिडिओला २ जीबी पुरेशी वाटते, पण प्रत्यक्षात ती अपुरी पडते. कारण अनेक अ‍ॅप तयार होणारा व्हिडिओ आधी स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहितात आणि मग गॅलरीत त्याची प्रत करतात. त्यामुळे काही काळ दोन प्रती फोनमध्ये असतात आणि एक्स्पोर्टलाच सुमारे दीड जीबी लागू शकते. संपादन चालू असताना वाढणारी कॅशे वेगळीच. एक्स्पोर्ट नव्वद टक्क्यांच्या पुढे जाऊन अडकणे किंवा अ‍ॅप अचानक बंद होणे, ही जागा संपल्याची नेहमीची लक्षणे आहेत.

जागा मोकळी करण्याची सर्वांत योग्य वेळ क्लिप अ‍ॅपमध्ये घेण्याच्या आधीची असते. टाइमलाइनवर क्लिप कापली तरी मूळ फाइल कापली जात नाही. प्रोजेक्टमध्ये फक्त एवढी नोंद असते की अमुक ठिकाणची अमुक फाइल या सेकंदापासून त्या सेकंदापर्यंत दाखवायची. पाच मिनिटांच्या क्लिपमधली दहा सेकंदे वापरली, तरी मूळ फाइल पाच मिनिटांचीच जागा अडवते. म्हणून सगळे चित्रण एकदा गॅलरीतच पाहून निवड करावी. उदाहरणातल्या ४०पैकी १८ क्लिप कामाच्या निघाल्या आणि त्यांची लांबी २० मिनिटे भरली, तर त्या २.६ जीबीच्या होतात. उरलेल्या २२ क्लिप, म्हणजे ३० मिनिटांचे ३.९ जीबी चित्रण, फोनबाहेर हलवता येते.

हलवण्याचा सोपा मार्ग म्हणजे फोनच्या चार्जिंग पोर्टला थेट जोडता येणारा ओटीजी पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड किंवा केबलने जोडलेला संगणक. फाइल मॅनेजरमध्ये ‘मूव्ह’ न निवडता ‘कॉपी’ निवडणे सुरक्षित असते. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फायलींची संख्या आणि आकार जुळतात का ते पाहावे. मग पेनड्राइव्हवरच्या मोठ्या क्लिप तिथूनच उघडून त्यांचे शेवटचे काही सेकंद चालवून पाहावेत. अर्धवट उतरलेली फाइल नावाने यादीत दिसते, पण एकतर उघडत नाही किंवा मध्येच थांबते. ही तपासणी झाल्यावर पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ करून काढावा. तसाच ओढून काढला तर लिहिणे पूर्ण न झालेली फाइल खराब होऊ शकते.

पेनड्राइव्हची एक मर्यादा अनेकांना ऐनवेळी कळते. बरेच पेनड्राइव्ह फॅट३२ या रचनेत येतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही, मग पेनड्राइव्ह कितीही रिकामा असो. वरच्या हिशेबाने अर्ध्या तासाहून थोडी मोठी क्लिप झाली की ही मर्यादा ओलांडली जाते. संपूर्ण नाटक एकाच क्लिपमध्ये चित्रित केले असेल तर ते तिथे उतरणार नाही. एक्सफॅट रचनेत ही अडचण येत नाही. मात्र आपला फोन ती रचना वाचतो का, हे छोटी फाइल टाकून आधी पाहावे. फॉरमॅट करताना पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते, हेही लक्षात असावे.

मूळ क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने व्हिडिओ म्हणून पाठवून साठवू नयेत. तिथे व्हिडिओ लहान केला जातो आणि गेलेला दर्जा परत मिळत नाही. पाठवायचेच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. गूगल फोटोजमध्ये ठेवायचे असेल तर ‘स्टोरेज सेव्हर’ऐवजी मूळ दर्जाचा पर्याय निवडावा. गूगल खात्यात मिळणारी १५ जीबी मोफत जागा ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिन्हींत वाटली जाते, हेही हिशेबात धरावे.

क्लिप फोनमधून पुसल्या तरी जागा लगेच मोकळी होत नाही, कारण त्या आधी ‘ट्रॅश’मध्ये जातात. सॅमसंगची गॅलरी त्या ३० दिवस ठेवते. गूगल फोटोज बॅकअप झालेल्या फायली ६० दिवस ठेवते. आयफोनवर हटवलेल्या फायली ‘रिसेंटली डिलिटेड’ अल्बममध्ये ३० दिवसांपर्यंत राहतात. ट्रॅश रिकामा केल्यावरच उदाहरणातल्या फोनची मोकळी जागा २वरून ५.९ जीबीवर जाते. पण तो रिकामा करण्यापूर्वी पेनड्राइव्हवरच्या प्रतींची तपासणी झालेली असलीच पाहिजे, कारण त्यानंतर परतीची वाट नसते.

आता संपादन सुरू होते आणि इथे अ‍ॅपचा स्वभाव महत्त्वाचा ठरतो. काही अ‍ॅप मूळ क्लिप जिथे आहे तिथूनच वाचतात. काही तिची पूर्ण प्रत स्वतःकडे करून घेतात. आपले अ‍ॅप कोणत्या प्रकारचे आहे, ते ओळखता येते. फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपने व्यापलेली जागा बघावी, ५०० एमबीची एखादी क्लिप प्रोजेक्टमध्ये घ्यावी आणि आकडा पुन्हा बघावा. तो जवळपास तेवढ्यानेच वाढला तर प्रत झाली. थोडासाच वाढला तर अ‍ॅपने फक्त पत्ता टिपून ठेवला आहे.

पत्ता टिपणाऱ्या अ‍ॅपमध्ये काम चालू असताना क्लिप दुसऱ्या फोल्डरमध्ये किंवा कार्डवर हलवली, तर प्रोजेक्टला ती सापडत नाही. तिथे काळी चौकट किंवा फाइल सापडत नसल्याची सूचना दिसते. टाइमलाइनवरची छोटी चित्रे मात्र इथे फसवू शकतात. ती कॅशेमधून येत असल्याने मूळ क्लिप गेल्यावरही जागेवर दिसत राहतात. म्हणून क्लिप शाबूत आहे की नाही, हे ती चालवूनच ठरवावे. गूगल फोटोजमधला ‘फ्री अप स्पेस’ पर्यायही याच कारणाने काम चालू असताना टाळावा. तो बॅकअप झालेल्या क्लिप फोनमधून काढून टाकतो. क्लाउडमध्ये क्लिप सुरक्षित असते, पण प्रोजेक्ट तिला फोनमध्ये शोधत राहतो.

अ‍ॅप प्रत करणारे असेल तर गणित वेगळे होते. उदाहरणातल्या १८ क्लिपची प्रत आणखी २.६ जीबी घेते आणि ५.९पैकी ३.३ जीबी उरते. कॅशेने एक जीबी घेतली असे धरले तर २.३ जीबी राहते. दोन प्रतींसह एक्स्पोर्टला १.४४ जीबी लागली तरी साडेआठशे एमबीच्या आसपास जागा शिल्लक राहते. निवड न करता सगळ्या क्लिप प्रोजेक्टमध्ये घेतल्या असत्या, तर सुरुवातीच्या २ जीबीत त्यांच्या प्रतीही मावल्या नसत्या.

कॅशेमध्ये टाइमलाइनवरची छोटी चित्रे, आवाजाच्या लहरींचे आलेख आणि झलक दाखवण्यासाठी बनवलेल्या हलक्या प्रती असतात. जुन्या प्रोजेक्टची कॅशे अनेकदा तशीच पडून राहते. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये अ‍ॅपची यादी उघडून, संपादनाचे अ‍ॅप निवडून स्टोरेजच्या पानावर गेले की दोन बटणे शेजारी दिसतात. `Clear cache` फक्त तात्पुरत्या फायली पुसते. `Clear storage` किंवा `Clear data` मात्र अ‍ॅप नव्यासारखे करते आणि त्यात ठेवलेले सगळे ड्राफ्टही नाहीसे होतात. जागेची घाई असताना बोट चुकीच्या बटणावर पडते आणि आठवड्याचे काम जाते. अ‍ॅप काढून पुन्हा टाकल्यानेही तेच होते.

आयफोनवर एखाद्या अ‍ॅपची कॅशे पुसण्याचे वेगळे बटण सेटिंगमध्ये नसते. काही अ‍ॅपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ती सोय असते. `Offload App` अ‍ॅप काढते, पण त्यातली कागदपत्रे आणि डेटा राखते. `Delete App` दोन्ही काढून टाकते.

कॅशे पुसण्याची योग्य वेळ म्हणजे एक प्रोजेक्ट संपून दुसरा सुरू होण्याआधी. चालू कामाची कॅशे पुसली तर प्रोजेक्ट उघडताच अ‍ॅप ती पुन्हा बनवू लागते. तेवढा वेळ फोन संथ चालतो आणि मिळालेली जागा परत भरते. एक्स्पोर्टच्या तोंडावर थोडीच जागा कमी पडत असेल, तर दुसऱ्या अ‍ॅपची कॅशे पुसणे अधिक उपयोगी पडते.

व्हिडिओ तयार झाल्यावर तो गॅलरीतून सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावा आणि त्याची एक प्रत फोनबाहेर ठेवावी. पुढे बदल करावे लागण्याची शक्यता असेल तर ड्राफ्ट आणि त्याने वापरलेल्या क्लिप, दोन्ही जागेवरच राहू द्याव्यात. एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही. काम कायमचे संपले असेल तर आधी १८ क्लिप पेनड्राइव्हवर नेऊन तपासाव्यात, मग फोनमधल्या क्लिप आणि ड्राफ्ट काढावेत, कॅशे पुसावी आणि शेवटी ट्रॅश रिकामा करावा. हा क्रम उलटा झाला तर जागा मिळते, पण स्नेहसंमेलनाचे मूळ चित्रण पुन्हा मिळत नाही.